ऑफिसचा क्रीडादिन: आधी गुण ठरवा, मग खेळ

प्रश्न: आमच्या ऑफिसात पहिल्यांदाच क्रीडादिन करायचा ठरलाय आणि नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. चौसष्ट नावं आली आहेत, वय बावीस ते अठ्ठावन्न. काही जण रोज पळतात, काहींना दोन जिने चढले की धाप लागते, एक सहकारी व्हीलचेअर वापरतो. सांघिक खेळच ठेवायचे आहेत. कुणाला दुखापत होऊ नये आणि कुणी नुसतं टाळ्या वाजवायला बसू नये, असे नियम कसे करायचे?

उत्तर:

बहुतेक लोक आधी खेळांची यादी करतात, मग संघ पाडतात आणि गुणांचा तक्ता शेवटच्या दिवशी घाईत बनवतात. तुम्ही उलटं करा. कोण खेळणार आणि कोण बाकावर बसणार हे शेवटी गुणांचा नियमच ठरवतो. ‘सर्वात वेगवान संघ पहिला’ असं लिहिलंत की कप्तान हळू चालणाऱ्याला गोड बोलून बाजूला बसवणार. त्यात त्याचा दोष नाही, नियमानेच त्याला तसं करायला सांगितलेलं असतं. दुखापतींचंही तेच. माणूस झेपेल त्यापेक्षा जोरात पळतो कारण पळण्याला गुण आहेत.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. मी घेतलेल्या पहिल्या क्रीडादिनात चार बाय शंभर मीटर रिले होती. शेवटच्या टप्प्याला एक शेहेचाळीस वर्षांचे गृहस्थ उभे होते. कॉलेजात पळायचे, त्यानंतर वीस वर्षं खुर्चीत. तासभर सावलीत बसून होते, नाव पुकारल्यावर उठून थेट रेषेवर आले. बॅटन हातात आली, चौथ्या-पाचव्या पावलाला ते थांबले आणि मागे वळून पाहू लागले. ‘टाचेवर कुणी लाथ मारली?’ असं विचारत होते. मागे कुणीच नव्हतं. टाचेमागची मोठी शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटली होती. थोडं लंगडत का होईना, पण ते चालू शकत होते, म्हणून आम्ही सगळ्यांनी मुरगळलं असेल असं धरलं आणि बर्फ लावून बसवलं. चालता येतंय म्हणजे शीर शाबूत आहे असं नसतं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आपण तिथे असाल तर माणसाला पालथं झोपवा, पाऊल बाकाच्या कडेबाहेर लोंबू द्या आणि पोटरी हलकेच दाबा. शीर शाबूत असेल तर पाऊल किंचित हलतं. हललं नाही तर त्याला पायावर उभं न करता लगेच डॉक्टरकडे न्यायचं. मात्र पाऊल हललं म्हणून ‘काही नाही’ असा निकाल आपण द्यायचा नाही, तो डॉक्टरचा.

तेव्हापासून मी ऑफिसच्या क्रीडादिनात सरळ वेगाची शर्यत ठेवत नाही. चौसष्ट जणांसाठी मी तीनच खेळ सुचवेन: अंदाजाची रिले, रस्सीखेच आणि बोशिया, म्हणजे खुर्चीत बसून चेंडू नेमका टाकण्याचा खेळ. तीन कमी वाटतील, पण प्रत्येक संघ तिन्ही खेळतो म्हटल्यावर सकाळ भरते.

संघ पाडणं

प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. तिच्यावर दोनच प्रश्न. पहिला: त्या दिवशी किती जोर लावायचा आहे, निवांत, मध्यम की जोरात? दुसरा: तीनपैकी कुठला खेळ नको असेल तर कुठला? कारणाला जागाच ठेवायची नाही. ‘आजार असल्यास लिहा’ असा रकाना टाकायचा मोह होतो, पण तसे कागद टेबलांवरून फिरतात. कुणाला हर्निया आहे, कुणाला दिवस गेलेत, कुणाची गोळी चालू आहे, हे सहकाऱ्यांना कळायचं कारण नाही. आरोग्याचे प्रश्न चिठ्ठीच्या मागच्या बाजूला छापा, फक्त स्वतः वाचण्यासाठी: हालचाल करताना छातीत दुखतं का, चक्कर येते का, हृदय, रक्तदाब, मधुमेह किंवा सांध्यांचा त्रास आहे का, गेल्या काही महिन्यांत शस्त्रक्रिया झाली आहे का? खाली एक ओळ: ‘एकाही प्रश्नाला हो असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, किंवा निवांत निवडा.’ हा भाग फाडून घरी न्यायचा.

शब्द ‘निवांत, मध्यम, जोरात’ हेच ठेवा. ‘फिट’ आणि ‘अनफिट’ नकोत, ‘दिव्यांग’ असा वेगळा गठ्ठा तर अजिबात नको. एका ऑफिसात व्हीलचेअरवरच्या सहकाऱ्याचं नाव आयोजकांनी परस्पर ‘निवांत’मध्ये टाकलं होतं. त्याने ते खोडून ‘जोरात’ केलं आणि रिलेत शंभर मीटर ३६ सेकंदांत पार केले. चालणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांच्या तो पुढे होता. माणूस किती जोर लावणार हे त्याचं त्याला ठरवू द्या.

आता समजा चिठ्ठ्यांमधून २० ‘जोरात’, ३२ ‘मध्यम’ आणि १२ ‘निवांत’ निघाले. आठ-आठ जणांचे आठ संघ करायचे आहेत. ‘मध्यम’मधले प्रत्येक संघात चार. ‘जोरात’मधले आधी प्रत्येकी दोन वाटा, चार उरतात, ते पहिल्या चार संघांना एकेक. ‘निवांत’मधले आधी प्रत्येकी एक, उरलेले चार शेवटच्या चार संघांना एकेक. म्हणजे चार संघ ३-४-१ असे आणि चार संघ २-४-२ असे झाले. सगळं चिठ्ठ्या उचलून, सगळ्यांसमोर. विभागवार संघ पाडू नका. हिशेब विभागात सगळे पन्नाशीचे आणि तांत्रिक विभागात सगळे पंचविशीचे असतात, सामना तिथेच संपतो. कप्तानही चिठ्ठीनेच. साहेब कप्तान झाले की त्यांच्या हाताखालच्या माणसाला ‘मला हे झेपणार नाही’ म्हणणं जड जातं.

अंदाजाची रिले

हा खेळ या सगळ्याचा कणा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आठही जण पळतात, चालतात किंवा चाकांवर जातात. प्रत्येकी एक फेरी, शंभर मीटर. संघाने आपली एकूण वेळ आधी लिहून द्यायची. ज्या संघाची खरी वेळ लिहिलेल्या वेळेच्या सर्वात जवळ, तो पहिला. वेगाला एकही गुण नाही.

शंभर मीटरची फेरी आखायला मोठं मैदान लागत नाही. २५ मीटरच्या दोन समांतर सरळ रेषा, एकमेकींपासून १६ मीटर अंतरावर, आणि दोन्ही टोकांना ८ मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं. दोन्ही अर्धवर्तुळं मिळून साधारण ५० मीटर होतात आणि सरळ भाग ५०. एकूण जागा ४१ बाय १६ मीटर, शिवाय भोवती दोन-तीन मीटर मोकळी. मध्ये खुंटी ठोकून ८ मीटर दोरीने अर्धवर्तुळ काढा, त्यावर फक्की मारा. एकाच शंकूला वळसा घालून परत येण्याची पद्धत टाळा. त्या झटक्याच्या वळणावरच गुडघे आणि घोटे मुरगळतात आणि व्हीलचेअरला तिथे जवळजवळ थांबावं लागतं. मैदान खडबडीत गवताचं असेल तर ही फेरी पार्किंगच्या सपाट जागेत आखा, गाड्या आदल्या रात्रीच हलवून.

वेळ कशी लिहायची? आदल्या आठवड्यात किंवा त्याच दिवशी सकाळी प्रत्येकाने एक फेरी आपल्या चालीने करायची, कप्तान वेळ टिपतो. मी पाहिलेल्या एका ३-४-१ संघाच्या वेळा अशा होत्या: ‘जोरात’ गटातले २४, २७ आणि व्हीलचेअरवरचा तोच सहकारी ३६ सेकंद, ‘मध्यम’ गटातले ४५, ५२, ५८ आणि ६३, आणि गुडघा दुखणाऱ्या एक बाई ८० सेकंद. बेरीज ३८५. आठ जणांत सात वेळा बदल होतो आणि प्रत्येक बदलात दोनेक सेकंद जातात, म्हणून १४ मिळवा. झाले ३९९. त्यांनी ६ मिनिटं ४० सेकंद लिहून दिले आणि प्रत्यक्षात ६ मिनिटं ५२ सेकंद लागले. फरक १२.

शेजारच्या फेरीवर तरुणांचा भरणा असलेला संघ होता. त्यांनी ५ मिनिटं लिहिली आणि ४ मिनिटं ३६ सेकंदांतच संपवलं. फरक २४. सव्वादोन मिनिटं आधी पोचूनही ते मागे राहिले. चूक जवळपास नेहमी याच बाजूला होते: सरावात माणूस शांत असतो, खेळात ओरडा सुरू झाला की पाय आपोआप उचलले जातात. मला हा खेळ आवडतो तो यासाठीच. बेभान पळणाऱ्याला त्याचा संघच ओरडून सांगतो, ‘अरे, हळू!’ आणि ऐंशी सेकंदवाल्या बाईंनी ऐंशीच घेतले की त्या संघाच्या सर्वात भरवशाच्या खेळाडू ठरतात.

पळवाटा आहेत आणि हुशार मंडळी त्या पहिल्या दहा मिनिटांत शोधतात. मनगटावर घड्याळ नको, हातात फोन नको, मैदानावर दिसेल असं घड्याळ नको, बाहेरून आकडे ओरडले तर संघाला दहा सेकंद दंड. खेळाडूंचा क्रम वेळेसोबतच लिहून द्यायचा, नंतर बदलायचा नाही. फेरीच्या शेवटच्या २५ मीटरमध्ये थांबणं किंवा जागच्या जागी पावलं टाकणं बाद. हा नियम नसेल तर शेवटचा खेळाडू रेषेपाशी उभा राहून मनात आकडे मोजत बसतो. मात्र दम लागला म्हणून त्याआधी कुठेही थांबायला पूर्ण मोकळीक. थांबलेला माणूस पंचाकडे पाहून हात वर करेल, एवढंच.

बदल रेषेमागे उभं राहूनच घ्यायचा. धावत धावत बॅटन देण्याचा प्रकार नको, धडक तिथेच होते. ज्याचे हात चाकांवर आहेत त्याला बॅटन मांडीवर ठेवून घेता येते, सुटणाऱ्याच्या खांद्याला हात लावला तरी बदल झाला असं धरा. ही सूट एकट्याला नाही, सगळ्यांना लिहा.

फरक सेकंदांत मोजायचा की टक्क्यांत, यावर वाद होतो. सहा मिनिटांच्या संघाला बारा सेकंदांची चूक आणि चार मिनिटांच्या संघाला बारा सेकंदांची चूक सारखी नाही, हे खरं. पण संघ वर सांगितल्याप्रमाणे मिसळलेले असतील तर वेळा फार लांब जात नाहीत. सेकंद ठेवा, सगळ्यांना मैदानावरच समजतात.

रस्सीखेच

रस्सीखेच नसेल तर लोक नाराज होतात, म्हणून ती ठेवायचीच. पण तिघांत खरा धोका इथेच आहे. १९०० ते १९२० या काळात हा ऑलिंपिकमधला खेळ होता आणि आजही त्याचे जागतिक सामने होतात, तेव्हा त्याचे नियम गंमत म्हणून लिहिलेले नाहीत.

आधी दोर. स्पर्धेचा दोर घेराला १० ते १२.५ सेंटिमीटर असतो, म्हणजे जाडी साधारण ३२ ते ४० मिलिमीटर. लांबी किमान ३३.५ मीटर, आठ-आठ जणांसाठी. दोराला गाठ नाही, टोकाला फास नाही. मनिला किंवा ताग यांसारख्या नैसर्गिक धाग्याचा घ्या. गोदामात सामान बांधायला पडलेला नायलॉनचा दोर कुणीतरी हमखास घेऊन येतं, तो परत पाठवा. नायलॉन ताणला की लांबतो आणि तो ताण साठवून ठेवतो. तुटला तर टोक चाबकासारखं मागे येतं. आदल्या दिवशी दोर हातभर-हातभर उकलून पाहा: पीळ सुटलेला, धागे तुटलेले, ओल लागून काळं पडलेलं काही दिसलं तर दुसरा आणा.

‘सगळं ऑफिस एकाच दोराला लावू, फोटो छान येईल’ ही कल्पना प्रत्येक ठिकाणी वरून येते. तिला ठाम नकार द्या. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी तैपेईत सोळाशेहून अधिक लोकांनी एकच दोर ओढला. दोर तुटला आणि दोन जणांचे डावे हात उखडले गेले. शल्यचिकित्सकांनी ते पुन्हा जोडले. माणसं वाढतात तसा ताण वाढतो, दोराची ताकद मात्र तेवढीच राहते.

आमच्या मांडणीत आठपैकी सहा जण ओढतात, एक हाक देतो आणि एक राखीव. हाक देणाऱ्याला हलका समजू नका. सरावलेल्या संघांना दोराशेजारी चालणारा असा माणूस लागतोच. सहा जणांची पावलं एकाच वेळी पडली तर दोर सरकतो, नाहीतर प्रत्येक जण आपापला जोर वाया घालवतो. ज्याची पाठ धरते, ज्याला हर्निया आहे, ज्याचा खांदा निखळलेला होता, ज्याचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा जिला दिवस गेलेत, त्यांनी ओढायचं नाही. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब त्या क्षणी खूप चढतो. हाकेचा हा दुसरा उपयोग: ‘हो’ म्हटलं की ओढा, ‘हुप’ म्हटलं की श्वास. ओढणाऱ्यांनाही हाकेला ओ द्यायला लावा. तोंडाने आवाज निघतोय म्हणजे दम कोंडलेला नाही.

पकड दोन्ही तळहात वर करून, दोर अंगाच्या आणि दंडाच्या मधून. मनगटाला, बोटांना, कमरेला दोराचा वेढा घालायचा नाही. ऑफिसात या खेळात बोटं जातात ती वेढ्यामुळेच. पंचाने ओढ सुरू होण्याआधी प्रत्येकाचे हात पाहायचे आणि वेढा दिसला की संघाला ताकीद, दुसऱ्यांदा दिसला की ओढ हरलेली. स्पर्धांमध्ये शेवटच्या खेळाडूला दोर काखेखालून पाठीवरून तिरपा घेऊन दुसऱ्या खांद्यावरून सोडायची मुभा असते. आपल्याकडे तीही नको. शेवटचाही इतरांसारखाच हातांनी धरेल. अंगठ्या काढून ठेवायच्या, बूट साधे रबरी तळाचे, खिळ्यांचे किंवा चामड्याचे नाहीत, अनवाणीही नाही.

हुकूम तीन: ‘दोर उचला’, ‘ताण घ्या’, ‘ओढा’. ताण घेतल्यावर मधली खूण रेषेवर स्थिर होईपर्यंत तिसरा हुकूम द्यायचा नाही. झटक्याने सुरू झालेली ओढ पाठ दुखवते. मधल्या खुणेपासून दोन्हीकडे ४ मीटरवर एकेक खूण असते. समोरच्याची खूण मैदानावरच्या मधल्या रेषेपर्यंत आली की जिंकलात. ऑफिससाठी मी ४५ सेकंदांची मर्यादा घालतो. तोवर निकाल लागला नाही तर दोराची मधली खूण ज्याच्या बाजूला सरकली, तो विजेता.

शिट्टीनंतरचे दोन सेकंद सर्वात वाईट. जिंकलेला संघ आनंदाने दोर सोडतो आणि समोरचे सहाजण एकमेकांच्या अंगावर पाठीवर पडतात. म्हणून नियम: शिट्टी झाली की ओढणं थांबवा, दोर हातात ठेवा, पंच ‘सोडा’ म्हणाल्यावर खाली ठेवा. जो संघ आधी सोडेल तो ती ओढ हरला, मग खूण कुठेही असो. हे एकदा अमलात आणलं की पुढे कुणी विसरत नाही. दोन्ही टोकांच्या मागे किमान पाच मीटर मोकळं गवत हवं, भिंत किंवा पायऱ्या नकोत. फरशीवर किंवा डांबरावर हा खेळ घेऊच नका.

वजनाचं काय? स्पर्धांमध्ये संघाच्या एकूण वजनाचे गट असतात. ऑफिसात कुणाला काट्यावर उभं करणं मला पटत नाही, तेही सगळ्यांसमोर. वरच्या चिठ्ठ्यांनी संघ बऱ्यापैकी मिसळतात, तेवढं पुरे. उरलेला फरक हाकेने भरून निघतो.

आठ संघांचे बाद पद्धतीने सात सामने होतात. प्रत्येक सामना एकाच ओढीचा, फक्त अंतिम सामना तीनपैकी दोन. म्हणजे कुठल्याही संघाला जास्तीत जास्त पाच ओढी. दोन सामन्यांमध्ये दहा मिनिटं विश्रांती. तीन-तीन ओढींचे सामने ठेवलेत तर अंतिम संघांच्या नऊ ओढी होतील आणि दुसऱ्या दिवशी कीबोर्डवर बोटं वळणार नाहीत.

बोशिया

हा १९८४ पासून पॅरालिंपिकमधला खेळ आहे. एक पांढरा चेंडू आधी टाकायचा, मग प्रत्येक बाजूने सहा-सहा रंगीत चेंडू त्याच्या जवळ पोचवायचे. ज्याचा चेंडू पांढऱ्याजवळ नाही त्याची पुढची पाळी. शेवटी समोरच्याच्या सर्वात जवळच्या चेंडूपेक्षा तुमचे जितके चेंडू जवळ, तितके गुण. तिघांचा संघ, प्रत्येकाकडे दोन चेंडू.

सगळ्यांनी खुर्चीत बसूनच टाकायचं. बसणं ही इथे सवलत नसून खेळाचाच नियम आहे, त्यामुळे कुणाकडेही वेगळ्या नजरेने पाहिलं जात नाही. ज्यांच्या हाताने फेकणं होत नाही त्यांच्यासाठी उतरती नळी किंवा घसरण चालते, पायाने ढकललं तरी चालतं. चेंडू मऊ चामड्याचे, पावशेराहून थोडे जड असतात. मिळाले नाहीत तर वाळू भरलेल्या कापडी पिशव्या चालतील, फक्त सगळ्या एकाच वजनाच्या भरा.

आणि इथे एक नियम नक्की घाला: रस्सीखेचेत न ओढलेले दोघे बोशियाच्या तिघांत असलेच पाहिजेत. या एका ओळीने बाकावर बसण्याचा प्रश्न सुटतो. रिलेत आठही, रस्सीखेचेत सहा आणि एक हाक, बोशियात उरलेले दोन आणि आणखी एक. ज्याने चिठ्ठीत एखादा खेळ नको लिहिला असेल त्याचा शब्द मात्र या नियमाच्याही वर.

गुण आणि वेळ

तिन्ही खेळांना सारखेच गुण: पहिल्याला ८, मग ७, असं खाली १ पर्यंत. रस्सीखेचेत उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांना ६-६, पहिल्या फेरीत हरलेल्या चौघांना ३-३. बरोबरी झाली तर रिलेतला कमी फरक पुढे.

क्रम रिले, रस्सीखेच, बोशिया असा ठेवा. पाय ताजे असताना रिले. बोशिया शेवटी, कारण तोवर थकलेल्यांनाही बसून खेळता येतं आणि विजेता ठरवणारा डाव जोरावर अवलंबून राहत नाही. शेवटी रस्सीखेच ठेवली की थकलेल्या अंगाने ईर्षेची ओढ होते, ते मी दोनदा पाहिलं आहे.

सुरुवातीला दहा मिनिटं अंग गरम करणं सक्तीचं करा: पाच मिनिटं हळूहळू वेग वाढवत चालणं, मग टाचा वर-खाली, गुडघे वर, हात गोल, आणि शेवटी दोन फेऱ्या निम्म्या जोराने. जे बसून आहेत त्यांनी हातांचं तेच करायचं. आणि रिलेत पाळी येण्याआधीच्या दोन मिनिटांत प्रत्येकाने उभं राहून पावलं टाकायची. माझ्या त्या गृहस्थांनी सकाळी सगळ्यांबरोबर अंग गरम केलंही होतं. मधल्या तासाभरात ते पुन्हा थंड झालं.

थांबवणारा माणूस

एका माणसाला खेळ थांबवण्याचा अधिकार लेखी द्या. तो कुठल्याही संघात नसावा, आणि शक्यतो कुणाचा साहेब नसावा. छातीत किंवा डाव्या हातात, जबड्यात दुखणं, थांबल्यावरही न ओसरणारी धाप, चक्कर, किंवा बोलण्यात गोंधळ दिसला की तो त्या माणसाला बाहेर काढतो आणि त्यावर चर्चा होत नाही.

गोंधळाबद्दल दोन शब्द जास्त. उन्हात खेळताना माणूस दमला, घामाघूम झाला, डोकं दुखतंय पण नीट उत्तरं देतोय, तर सावली, पाणी आणि पाय वर करून झोपवणं पुरतं. तोच माणूस आज वार कोणता हे चुकीचं सांगतोय, चिडतोय, अडखळतोय, तर तो उष्माघात धरायचा, घाम येत असला तरी. तेव्हा रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत वाट न पाहता अंगावर थंड पाणी ओता, वारा घाला, थांबू नका. बेशुद्धीकडे झुकलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

आणि कुणी कोसळलं, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर लगेच छाती दाबायला सुरुवात: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. शिकलेला असेल तर दर तीस दाबांनंतर दोन श्वास, नसेल तर नुसतं दाबत राहायचं. इमारतीत हृदयाला शॉक देणारं यंत्र असेल तर त्या दिवशी ते मैदानावर आणून ठेवा. एका ठिकाणी ते होतं, पण चौथ्या मजल्यावर कुलपात, आणि किल्ली ज्याच्याकडे तो रस्सीखेच ओढत होता. सुदैवाने त्या दिवशी गरज पडली नाही. आता मी मैदानावर पोचल्यावर पहिल्यांदा ते यंत्र कुठे आहे ते पाहतो, मग रुग्णवाहिका आत यायचं फाटक उघडं आहे का ते, आणि मग फक्कीचा डबा उघडतो.